कार्बनच्या 2p² मधून ³S आणि ¹P कुठे जातात?

कृष्णाकाठची (सांगली) | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या अणुवर्णपटातली शंका आहे. वर्गात विचारून झाली, पण समाधान झालं नाही.

कार्बन, 1s² 2s² 2p². भरलेली कवचं सोडली तर उरतात दोन p इलेक्ट्रॉन. l₁ = 1 आणि l₂ = 1 जोडले की L = 2, 1, 0. दोन स्पिन जोडले की S = 1, 0. तीन L आणि दोन S, म्हणजे जोड्या सहा: ³D, ³P, ³S, ¹D, ¹P, ¹S. पुस्तकात मात्र ³P, ¹D, ¹S एवढेच टर्म आहेत. बाकीच्यांबद्दल "पाउलीच्या तत्त्वामुळे वगळले" अशी एक ओळ टाकून लेखक पुढे गेलाय.

³D का जातो ते कळतं. त्याला M_L = 2, M_S = 1 लागणार, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन m_l = 1 मध्ये आणि दोन्ही ↑. ते चालत नाही. पण ³S आणि ¹P ने काय घोडं मारलंय? तिथे एक इलेक्ट्रॉन m_l = 1 मध्ये आणि दुसरा −1 मध्ये किंवा 0 मध्ये ठेवता येतो की. मग पाउली मध्ये येतोच कुठे?

दुसरी शंका. उत्तेजित 2p3p ला सहाच्या सहा टर्म येतात म्हणे. मग तिथे हुंडच्या नियमाने सगळ्यात खाली ³D, हे बरोबर ना?

---

भडंगप्रेमी | रात्री ९:२०

³S आणि ¹P सांगली-सातारा एसटीत उभ्याने गेले असणार. बसायला जागा नाही, हे एकच कारण.

---

पेठेतला_पंडित (सातारा) | रात्री ९:३१

एवढा काथ्याकूट कशाला? L + S सम असेल तो टर्म ठेवायचा, विषम असेल तो खोडायचा. ³P ला 1+1 = 2, ठेवा. ¹D ला 2+0, ठेवा. ¹S ला 0, ठेवा. ³D ला 3, ³S ला 1, ¹P ला 1, तिन्ही खोडा. अर्ध्या मिनिटात उत्तर. एकाच उपकवचातल्या इलेक्ट्रॉनांना हे कधीही लावा.

आणि 2p3p मध्ये सगळ्यात खाली ³D, बरोबर आहे तुझं. आधी जास्तीत जास्त S, मग जास्तीत जास्त L. हुंड म्हणजे हुंड.

---

सहज_वाचक | रात्री ९:४०

मला वाटतं प्रश्नातच गडबड आहे. कार्बनला चार बंध असतात, म्हणजे चारही इलेक्ट्रॉन सुटे हवेत. मग 2p² धरून काय उपयोग? sp³ चा टर्म सिम्बॉल काढायला हवा ना?

---

वर्णपट (सातारा) | रात्री १०:०५

पंडितांची युक्ती इथे बरोबर उत्तर देते. पण ताईंनी 'का' विचारलंय, ते त्यातून मिळत नाही. शिवाय त्यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझी हरकत आहे, त्यावर नंतर येतो. सहज_वाचक, sp³ थोडा बाजूला ठेवा, तिथेही परत येऊ.

ताई, तुमची अडचण अशी आहे की तुम्ही प्रत्येक टर्मला स्वतंत्रपणे विचारताय, "तुझ्यासाठी एखादी मांडणी आहे का?" ³S ला विचारलं तर तो म्हणेल, आहे की, (1↑, −1↑). पण त्याच मांडणीवर ³P सुद्धा हक्क सांगतोय. मांडणी एक आणि दावेदार दोन. म्हणून सगळ्या मांडण्या आधी मोजायच्या आणि मगच वाटायच्या.

p मध्ये जागा सहा: m_l = 1, 0, −1 आणि प्रत्येकात ↑ किंवा ↓. सहातून दोन जागा निवडायच्या, 6×5/2 = 15. या पंधरा मांडण्या M_L आणि M_S नुसार खान्यांत टाका:

```
          M_S = +1    0   -1
M_L = +2        0     1    0
M_L = +1        1     2    1
M_L =  0        1     3    1
M_L = -1        1     2    1
M_L = -2        0     1    0
```

आता वरून उचलायला लागा. M_L = 2 फक्त M_S = 0 च्या स्तंभात आहे, म्हणजे ¹D आहे आणि ³D नाही. ¹D आपल्या पाच मांडण्या मधल्या स्तंभातून घेऊन जातो, प्रत्येक ओळीतून एक. मधला स्तंभ उरतो 0, 1, 2, 1, 0. आता सगळ्यात वरचा खाना M_L = 1, M_S = 1. तो ³P चा. ³P तीन ओळी गुणिले तीन स्तंभ अशा नऊ मांडण्या नेतो. उरते एकच, अगदी मध्यावर, M_L = 0, M_S = 0. ती ¹S.

आता तुमच्या ³S कडे बघा. त्याला M_L = 0, M_S = 1 चा खाना हवा. त्या खान्यात एकच मांडणी होती, (1↑, −1↑), आणि ती ³P च्या नऊपैकी आहे. तुम्ही ती ³S ला दिलीत तर ³P ला M_L = 1 आणि −1 मिळतील पण मधलं 0 मिळणार नाही. मधली पायरी नसलेला L = 1 असू शकत नाही. ¹P चंही असंच. त्याला M_L = 1, M_S = 0 हवं. तिथे मांडण्या दोन, एक ¹D ने नेली, एक ³P ने. तिसरी आणायची कुठून?

---

कृष्णाकाठची | रात्री १०:३३

मांडणी एक, दावेदार दोन! हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारत बसले होते.

पण सर, M_L = 1, M_S = 0 च्या खान्यातल्या दोन मांडण्या म्हणजे (1↑, 0↓) आणि (1↓, 0↑). यातली ¹D ची कोणती आणि ³P ची कोणती?

---

भडंगप्रेमी | रात्री १०:३५

चिठ्ठी टाका.

---

यवतेश्वर | रात्री १०:५२

मी पण वहीत मोजून बघितलं. १५ नाही, २१ येतायत. दोनदा मोजले. कुठे चुकतंय?

---

रसायनवाली_मॅडम (सांगली) | रात्री ११:१०

यवतेश्वर, मुलांच्या वह्यांत चुकीचे आकडे नेहमी ठरावीकच येतात आणि आकड्यावरूनच चूक कळते.

३६ आले तर तू दोन्ही इलेक्ट्रॉनांना सहा-सहा जागा मोकळ्या दिल्यास. ३० आले तर एकाच जागेत दोघांना बसवलं नाहीस, पण "पहिला इथे, दुसरा तिथे" आणि "दुसरा इथे, पहिला तिथे" हे वेगळे मोजलेस. इलेक्ट्रॉनांवर नावं लिहिलेली नसतात. आणि तुझे २१ म्हणजे नावं पुसलीस, पण (1↑, 1↑) सारख्या सहा मांडण्या आत राहिल्या. त्या सहा शोधून खोड, पंधरा उरतील.

ताईंचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. उत्तर असं, की दोन्हींपैकी एकही मांडणी ¹D ची नाही आणि एकही ³P ची नाही. चौकटीत बाण काढून "हे बघा, बाण उलटे, म्हणजे सिंगलेट" असं आपण अकरावीपासून शिकवतो आणि ते पुढे फार नडतं.

³P कडून सुरुवात करा. (1↑, 0↑) नक्की ³P ची आहे, कारण त्या खान्यात दुसरं कुणीच नाही. आता एकूण स्पिन एका पायरीने खाली आणा. खाली कोण येणार, पहिला की दुसरा? दोघेही, सारख्याच वाट्याने. म्हणून मिळतं:

```
³P (M_L=1, M_S=0):  [ (1↑,0↓) + (1↓,0↑) ] / √2
¹D (M_L=1, M_S=0):  [ (1↑,0↓) - (1↓,0↑) ] / √2
```

दुसरी ओळ दोन वाटांनी येते. एक तर पहिलीला लंब असणारं दुसरं मिश्रण हेच. किंवा ¹D च्या (1↑, 1↓) पासून L ची पायरी उतरा. मग (1↑, 0↓) आणि (0↑, 1↓) बेरजेने येतात, पण (0↑, 1↓) ची अदलाबदल करून (1↓, 0↑) लिहिलं की चिन्ह उलटतं. इलेक्ट्रॉनांची जागा बदलली की वजा, हे विसरलं तर इथे दोन्ही ओळी सारख्याच येतात. तसं झालं तर चिन्हातच चूक आहे असं समजा.

म्हणजे उलटे बाण असलेली (1↑, 0↓) ही अर्धी ट्रिपलेट आहे. खान्यात दोन मांडण्या आहेत म्हणजे दोन अवस्था आहेत, एवढंच मोजणी सांगते. कोणती कुणाची हे ती सांगत नाही आणि टर्म शोधायला ते लागतही नाही.

---

मिरजवाला | रात्री ११:२४

तंबोऱ्याच्या दोन तारा एकत्र छेडल्यावर कोणता स्वर कुठल्या तारेचा असं विचारण्यासारखं झालं हे. मॅडम, चुकलो असेन तर सांगा.

माझी वेगळीच तक्रार आहे. परीक्षेत "कार्बनची मूळ अवस्था लिहा" असं असतं. मी ³P लिहिलं आणि एक गुण गेला, ³P₀ हवं होतं म्हणे. ³P चुकीचं आहे का?

---

रसायनवाली_मॅडम | रात्री ११:३०

चूक नाही, अपुरं आहे. टर्म विचारला असेल तर ³P पुरे. पातळी विचारली असेल तर J हवाच. प्रश्नात कोणता शब्द होता त्यावर आहे.

---

मिरजवाला | रात्री ११:३२

शब्द "अवस्था" होता. आता बोला.

---

वर्णपट | बुधवार, सकाळी ७:४८

मिरजवाला, "अवस्था" म्हणजे काटेकोर अर्थाने J आणि M_J दोन्ही ठरलेली एक. त्यामुळे प्रश्न काढणाराही ढिला आहे आणि तुम्हीही. गुण कुणाचा कापायचा ते मी सांगत नाही.

J मात्र समजून घ्या. ³P मध्ये L = 1, S = 1, म्हणून J = 2, 1, 0. प्रत्येकाच्या 2J+1 अवस्था, 5+3+1 = 9, वरच्या नऊ मांडण्यांशी हिशेब जुळला. p अर्ध्यापेक्षा कमी भरलंय म्हणून J सगळ्यात लहान असलेली पातळी सगळ्यात खाली, ³P₀. तिच्यावर ³P₁ सुमारे १६.४ सेमी⁻¹ वर आणि ³P₂ सुमारे ४३.४ सेमी⁻¹ वर. मग मोठी उडी. ¹D₂ आहे १०,१९३ ला आणि ¹S₀ २१,६४८ ला.

१६ आणि ४३ हे किती छोटे अंतर आहे बघा. ३०० केल्व्हिनला kT सुमारे २०८ सेमी⁻¹ असतो. म्हणून त्या तापमानाला समतोलात असलेल्या मोकळ्या कार्बन अणूंपैकी ³P₀ मध्ये जेमतेम १३ टक्के, ³P₁ मध्ये ३५ आणि ³P₂ मध्ये ५२ टक्के. मूळ पातळीत सगळ्यात कमी गर्दी! कारण तिथे अवस्था एकच आहे आणि ³P₂ मध्ये पाच. अंतराळातल्या थंड ढगांत चित्र पालटतं. ³P₁ वरून ³P₀ वर उतरताना निघणारी ४९२ गिगाहर्ट्झची रेष रेडिओ खगोलवाले मोजतात ती हीच.

आता 2p3p. काल म्हटलं होतं की हरकत आहे. पंडित, 2p3p मध्ये सगळ्यात खाली ³D नाही. ³कोणीच नाही. सगळ्यात खाली आहे ¹P₁.

---

पेठेतला_पंडित | सकाळी ८:१५

सर, मान्य नाही. सिंगलेट खाली? आणि तोही L = 2 चा नाही, L = 1 चा? मग हुंडचा नियम काय चुलीत घालायचा?

---

वर्णपट | सकाळी ९:०२

चुलीत नको, जागेवर ठेवा. तो नियम मूळ कॉन्फिगरेशनमधला सगळ्यात खालचा टर्म सांगतो. बाकीच्यांची क्रमवारी लावायला किंवा उत्तेजित कॉन्फिगरेशनला तो लावला तर कधी जुळतो, कधी नाही.

मोजलेल्या पातळ्या बघा. 2p3p मध्ये दोन इलेक्ट्रॉनांचे n वेगळे, म्हणून 6×6 = 36 मांडण्या आणि सहाही टर्म. सेमी⁻¹ मध्ये, ट्रिपलेटची J वर सरासरी धरून:

```
¹P   68,856
³D   69,722
³S   70,744
³P   71,375
¹D   72,611
¹S   73,976
```

घाई न करता ही यादी मधोमध कापा. वरच्या अर्ध्यात कोण आहे? ³P, ¹D, ¹S. ओळखीचे वाटतात का?

---

कृष्णाकाठची | सकाळी ९:१०

अरे! हे तर 2p² मध्ये टिकलेले तीन. आणि खालचे तीन म्हणजे तिथून हाकललेले!

---

भडंगप्रेमी | सकाळी ९:११

एसटीत उभे राहिलेल्यांना आता खिडकीची जागा. न्याय आहे जगात.

---

वर्णपट | सकाळी ९:४०

हेच दाखवायचं होतं ताई. योगायोग नाही हा.

दोन इलेक्ट्रॉनांचं पूर्ण तरंगफल अदलाबदलीला विषम हवं. त्याचे तीन तुकडे पाडा: स्पिनचा, कोनाचा, आणि r चा. ट्रिपलेट स्पिन सम, सिंगलेट विषम. दोन्ही l सारखे असले की कोनाचा तुकडा L = 2 आणि 0 ला सम, L = 1 ला विषम. आता r चा तुकडा उरतो आणि पूर्ण गुणाकार विषम व्हावा म्हणून त्याचं चिन्ह आपोआप ठरतं.

³P: स्पिन सम, कोन विषम, म्हणून r सम. ¹D आणि ¹S: स्पिन विषम, कोन सम, म्हणून r पुन्हा सम. उरलेल्या तिघांना, ³D, ³S आणि ¹P, r विषम लागतो.

2p² मध्ये दोन्ही इलेक्ट्रॉनांचं r-फल एकच आहे. त्यातून विषम तुकडा बनवायला गेलं तर 2p(r₁)2p(r₂) − 2p(r₁)2p(r₂), म्हणजे शून्य. हे तीन टर्म जागेअभावी गेले नाहीत, ते तयारच होत नाहीत. पंडितांची L + S ची युक्ती म्हणजे हीच गोष्ट, वेगळ्या कपड्यात.

2p3p मध्ये 2p(r₁)3p(r₂) − 3p(r₁)2p(r₂) शून्य नाही, म्हणून ते तिघे परत आले. पण r₁ = r₂ झालं की हे फल शून्य होतं. म्हणजे दोन इलेक्ट्रॉन केंद्रापासून सारख्या अंतरावर सापडत नाहीत, त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी होतं, ऊर्जा खाली येते. r सम असणाऱ्यांचं उलट. म्हणून प्रत्येक L च्या जोडीत r विषम असलेला खाली. अंतरं बघा: ¹P हा ³P च्या सुमारे २,५०० खाली, ³D हा ¹D च्या सुमारे २,९०० खाली, ³S हा ¹S च्या सुमारे ३,२०० खाली. L = 2 आणि 0 ला ट्रिपलेट खाली येतो, L = 1 ला सिंगलेट.

"समांतर स्पिन म्हणजे कमी ऊर्जा" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. ऊर्जा कमी होते ती इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात म्हणून. स्पिन फक्त ते टाळणं कुठल्या तुकड्यात येणार ते ठरवतो.

---

पेठेतला_पंडित | सकाळी १०:२०

मान गये. म्हणजे नाही, मान्य. पण युक्ती माझी टिकली ना? 2p² ला L + S सम ठेवायचं, 2p3p ला L + S विषम असेल तो जोडीत खाली.

---

यवतेश्वर | सकाळी १०:४४

पंडितदादा, मला युक्ती आवडली म्हणून d² ला लावली, V³⁺ साठी. ³F, ³P, ¹G, ¹D, ¹S आले. 21+9+9+5+1 = 45, आणि 10×9/2 पण 45. लई भारी. मग 2s2p³ मधल्या p³ ला लावली तर काहीच बसेना. S = 3/2, L = 0, बेरीज दीड. सम की विषम?

---

रसायनवाली_मॅडम | सकाळी ११:०५

दीड सम पण नाही, विषम पण नाही. यवतेश्वर, पंडितांचं "एकाच उपकवचातल्या इलेक्ट्रॉनांना कधीही लावा" हे इथे मोडलं. ही युक्ती दोनच इलेक्ट्रॉनांची. तिसरा आला की अदलाबदल फक्त सम-विषम उरत नाही. p³ ला तक्ताच करायचा, 6×5×4/6 = 20 मांडण्या, टर्म ⁴S, ²D, ²P. 4+10+6 = 20.

मग 2s चा एक इलेक्ट्रॉन जोडायचा. त्याचा l = 0 म्हणून L बदलत नाही, फक्त स्पिन अर्ध्याने वर किंवा खाली. ⁴S चे होतात ⁵S आणि ³S. ²D चे ³D आणि ¹D. ²P चे ³P आणि ¹P. एकूण 5+3+15+5+9+3 = 40, आणि 2×20 पण 40. इथे 2s वेगळ्या उपकवचातला आहे म्हणून जोडताना काही खोडायचं नाही. मुलं इथेही सवयीने खोडतात आणि ³S गायब करतात.

सहज_वाचक, तुमचा प्रश्न इथे येतो. चार सुटे इलेक्ट्रॉन, चारही स्पिन समांतर, तो हा ⁵S₂. मूळ पातळीच्या ३३,७३५ सेमी⁻¹ वर, म्हणजे सुमारे ४.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

---

सहज_वाचक | सकाळी ११:१८

म्हणजे sp³ चा टर्म सिम्बॉल ⁵S₂, बरोबर?

---

रसायनवाली_मॅडम | सकाळी ११:२६

नाही हो. sp³ ही अणूची पातळी नाही. मिथेनमध्ये प्रत्येक बंधात कार्बनच्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनाशी जोडलेला असतो, कार्बनमधल्या बाकी तिघांशी ठरलेल्या नात्यात नसतो. त्या स्थितीला ⁵S, ³D वगैरे अनेक टर्मचं मिश्रण म्हणावं लागतं आणि मिश्रणाला एक टर्म सिम्बॉल नसतो. ⁵S₂ हा वर्णपटात दिसणारा एकटा अणू.

---

कृष्णाकाठची | दुपारी १:५०

जेवताना एक तपासून बघितलं. लँडेच्या नियमाप्रमाणे ³P मध्ये (J = 2 आणि 1 मधलं अंतर) : (1 आणि 0 मधलं अंतर) = 2 : 1 यायला हवं. सरांच्या आकड्यांनी ४३.४ − १६.४ = २७.०, आणि २७.० भागिले १६.४ म्हणजे १.६५. हा फरक बराच आहे. L-S कपलिंग कार्बनला नीट लागू नाही असं समजायचं का?

---

पेठेतला_पंडित | दुपारी २:०५

हे मला माहीत आहे. ³P₂ मध्ये थोडा ¹D₂ मिसळतो, दोघांचा J एकच. वरचा ¹D₂ त्याला खाली ढकलतो, म्हणून २७.० कमी आलं. दोन हवं तिथे १.६५.

---

वर्णपट | दुपारी ३:३०

दिशा बरोबर, पण आकडा टाकून बघा. स्पिन-कक्षा स्थिरांक ζ कार्बनला ३० सेमी⁻¹ च्या आसपास. ³P₂ आणि ¹D₂ ला जोडणारी राशी ζ/√2. ढकलणं म्हणजे तिचा वर्ग भागिले अंतर: ४५० भागिले सुमारे १०,१५०, म्हणजे ०.०४ सेमी⁻¹. ³P₀ ला ¹S₀ ढकलतो तेही ०.१ च्या आत. आपल्याला मात्र कित्येक सेमी⁻¹ ची तफावत समजावायची आहे. मिसळण्याने ती भागत नाही.

खरं कारण दुसरं. लँडेचा 2 : 1 फक्त एकाच गोष्टीवर उभा आहे: प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा स्पिन स्वतःच्या कक्षेशी बोलतो. पण एकाचा स्पिन दुसऱ्याच्या कक्षेशीही बोलतो आणि दोन्ही स्पिन एकमेकांशीही. जड अणूंत ζ इतका मोठा की हे दोन आवाज ऐकू येत नाहीत. कार्बनमध्ये ζ लहान, म्हणून येतात. म्हणजे ताई, निष्कर्ष उलटा काढा. L-S कपलिंग कार्बनला उत्तम लागू आहे, मिश्रण नगण्य आहे. लँडेचं गुणोत्तर बिघडलं म्हणून L-S बिघडलं असं म्हणता येत नाही.

---

मिरजवाला | सायंकाळी ६:१५

एवढं सगळं वाचून परत विचारतो. "अवस्था" ला ³P₀ की ³P?

---

रसायनवाली_मॅडम | सायंकाळी ६:२२

³P₀ लिहा आणि खाली एक ओळ जास्त लिहा. गुण जाणार नाही.

---

वर्णपट | सायंकाळी ६:४०

मी ³P ला पूर्ण गुण देईन. मॅडम देणार नाहीत. असो.

---

कृष्णाकाठची | रात्री ९:०५

2p3d स्वतः करून बघितलं. l = 1 आणि 2, म्हणून L = 3, 2, 1. टर्म ³F, ³D, ³P, ¹F, ¹D, ¹P. 21+15+9+7+5+3 = 60, आणि 6×10 पण 60. पातळ्या बारा. मग पंडितदादांच्या नियमाने L + S विषम शोधले: ³D, ¹F, ¹P. यांच्यापैकी कुणीतरी सगळ्यात खाली असेल असं धरून मोजलेल्या पातळ्या बघितल्या, तर सगळ्यात खाली ७७,६८० ला ¹D₂! L + S सम. माझं कुठे चुकलं?

---

वर्णपट | रात्री ९:४४

मोजणी अचूक आहे. चुकला तो नियम. मी सकाळी एक अट घातली होती, "दोन्ही l सारखे असले की". p आणि d मध्ये कोनाचा तुकडा एकट्या L वरून सम की विषम ते ठरत नाही, कारण अदलाबदल केली की p च्या जागी d येतो आणि फल वेगळंच होतं. r आणि कोन यांची वाटणी एवढी स्वच्छ राहत नाही. तिथे विनिमयाच्या राशी प्रत्येक L साठी खऱ्या काढाव्या लागतात.

---

पेठेतला_पंडित | रात्री ९:५१

म्हणजे माझी युक्ती फक्त दोन इलेक्ट्रॉनांना, तेही सारख्या l च्या. कालपासून तिचा आकार रोज थोडा कमी होतोय.

---

भडंगप्रेमी | रात्री ९:५३

पण 2p² ला अजून चालते. तेवढी पुडी शिल्लक आहे.